मदत हवी आहे: डिझॉल्व्ह आणि कॅमेरा पॅन वेगळे कसे ओळखायचे?

घरच्या लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटचं डिजिटल रूप (25 फ्रेम प्रति सेकंद, डीइंटरलेस केलेलं) पायथनने शॉटवार तोडतोय. लागोपाठच्या फ्रेमचे एचएसव्ही हिस्टोग्राम `cv2.HISTCMP_BHATTACHARYYA` ने ताडून पाहतो. हार्ड कटला फरक 0.5 च्या वर उडी मारतो, तिथे अडचण नाही. फेडही सापडतात, कारण सरासरी उजेड आणि त्याचं प्रमाण विचलन दोन्ही शून्याकडे उतरतात.

अडलंय ते डिझॉल्व्हपाशी. तो साधारण 30 फ्रेम चालतो आणि दर फ्रेमचा फरक जेमतेम 0.05 असतो. म्हणून दोन उंबरठे लावले: फरक 0.04 ओलांडला की ती फ्रेम धरून ठेवायची आणि पुढची प्रत्येक फ्रेम तिच्याशीच ताडायची, अंतर 0.5 झालं की डिझॉल्व्ह. पण मांडवावरून सावकाश फिरणारा पॅनही यात अडकतो. खालचा उंबरठा वाढवला तर खरे डिझॉल्व्ह निसटतात, आणि टेपचा नॉइज प्रत्येक कॅसेटला वेगळा असल्याने एकच आकडा चालत नाही.

डिझॉल्व्हच्या मध्यावर विचलन खाली वाकतं, पॅनमध्ये सहसा नाही, असं दिसतंय. ही खूण नॉइज असलेल्या टेपवर भरवशाची ठरते का? आणि खालचा उंबरठा आजूबाजूच्या फ्रेमच्या मध्यकावरून काढायचा, तर खिडकी किती फ्रेमची घ्यावी?