प्रबंध इंडोनेशियन भाषेत नेताना अवतरणं: छापील अनुवाद उचलावा की स्वतः करावा?

शर्वरी_ना:
पंडिता रमाबाई आणि जावाची लेखिका कार्तिनी यांच्या लेखनाची तुलना करणारा एक इंग्रजी प्रबंध मी इंडोनेशियनमध्ये आणते आहे, तिथे तो पुस्तकरूपात निघायचा आहे. त्यात कार्तिनीच्या पत्रांतले उतारे इंग्रजी अनुवादातून घेतलेत, रमाबाईंचे काही मूळ इंग्रजीतून तर काही मराठीच्या इंग्रजी अनुवादातून, आणि अधूनमधून राष्ट्रवादाचा अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन येतो. यातल्या बऱ्याच मजकुराचे इंडोनेशियन अनुवाद आधीच छापलेले आहेत. ते जसेच्या तसे घ्यावेत की सगळं नव्याने करावं? मला इंडोनेशियन आणि मराठी नीट येतं, डच कोशाच्या आधाराने वाचता येतं.

जुनापेठकर:
यात फार विचार करायला नको. छापील अनुवाद असेल तर तोच घ्यायचा. कार्तिनीच्या पत्रसंग्रहाचं 'हाबिस गलाप तर्बितलाह तरांग' हे शीर्षक तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. अर्मैन पानेचा अनुवाद हाताशी असताना तुम्ही स्वतःची वाक्यं घातलीत, तर वाचक म्हणणार की ही कार्तिनी आमची नव्हे. शिवाय मान्य अनुवादाचा पृष्ठांक दिला की परीक्षकाला ताडून पाहता येतं. तुमच्या अनुवादाला तो आधार कुठून येणार?

अनुस्वार:
माझं मत उलट आहे. प्रबंधात उतारा शोभेला नसतो. त्याच्या पुढच्या परिच्छेदात लेखिका त्यातलाच एखादा शब्द धरून मुद्दा मांडते. समजा, इंग्रजीतल्या 'फ्रीडम'वर चार पानं लिहिली आहेत. तुम्ही विवेचनात 'कबेबासान' लिहिलंत आणि उसन्या उताऱ्यात 'कमर्देकाआन' निघालं, तर विवेचन हवेत लटकतं. त्यात दुसऱ्या शब्दाला आज राजकीय स्वातंत्र्याचा वास आहे. सगळे उतारे एकाच हाताने, एकाच परिभाषेत नव्याने करा आणि प्रस्तावनेत तसं सांगून मोकळ्या व्हा.

तळटीप:
दोघांचं म्हणणं अर्धंअर्धं पटतं, पण त्याआधीचा प्रश्न दोघांनीही सोडलाय: प्रबंधातला इंग्रजी उतारा आणि तुम्ही उचलणार तो इंडोनेशियन उतारा, हे एकाच मूळ मजकुराचे अनुवाद आहेत का? कार्तिनीच्या बाबतीत बरेचदा ते नसतात.

कार्तिनीने पत्रं डचमध्ये लिहिली. ती 1904 साली वारली आणि 1911 मध्ये तिच्या ओळखीतल्या आबेंदानोन या डच अधिकाऱ्याने पत्रांचा संग्रह छापला, तोही काटछाट करून. सिमर्सबाईंचा 1920चा इंग्रजी अनुवाद याच संग्रहातल्या निवडक पत्रांचा आहे. अर्मैन पानेचं 1938चं पुस्तक तर आणखी वेगळं. त्याने 87 पत्रं निवडली, पाच भागांत लावली आणि सारखा मजकूर गाळला, म्हणजे सलग वाचता यावं. वाचायला ते सुंदर आहे, पण एखादं वाक्य त्यात सापडलं नाही तर कार्तिनीने ते लिहिलंच नाही असा अर्थ होत नाही. सुलास्तिन सुत्रिस्नो यांनी 1979 मध्ये 1911च्या डच पुस्तकाचा अनुवाद केला. नंतर 1987 मध्ये श्रीमती आबेंदानोन आणि त्यांच्या यजमानांना लिहिलेली पत्रं डचमध्ये पूर्ण छापली गेली, आणि 1989 मध्ये त्यांचाही अनुवाद सुलास्तिनबाईंनीच केला. इंग्रजीत योस्त कोते यांचा 1992चा अनुवाद या पत्रांचा आहे.

म्हणून जोड्या अशा लावाव्या लागतात: प्रबंधात सिमर्स असेल तर 1979चा अनुवाद, कोते 1992 असेल तर 1989चा. कोतेचा उतारा 1979च्या पुस्तकात शोधलात, तर मधली दोन-तीन वाक्यं गायब दिसतील आणि तुम्हाला वाटेल की अनुवादिकेने ती गाळली. वास्तविक ती 1911 सालीच गेलेली असतात.

स्टेला झीहांडेलारला लिहिलेलं 25 मे 1899चं पत्र घ्या, तेच ते 'मॉडर्न गर्ल'ची ओळख करून घ्यायची इच्छा सांगणारं. आधी प्रबंधाच्या तळटीपेतून तारीख आणि कोणाला लिहिलं ते काढा. पृष्ठांकावर जाऊ नका, तो आवृत्तीगणिक बदलतो. मग 1911च्या डच पुस्तकात तेच पत्र उघडून उताऱ्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य शोधा. मधे इंग्रजीत टिंबं दिली आहेत का, आणि ती प्रबंधकर्तीची की सिमर्सबाईंची, हे बघा. त्यानंतर 1979च्या अनुवादात तोच तुकडा धरा आणि ज्या शब्दांवर प्रबंधाचा मुद्दा उभा आहे तेवढेच तिन्हीकडे ताडा. सगळं वाक्य तोलत बसायची गरज नाही. ते शब्द जुळले तर छापील अनुवाद घ्या. जुळले नाहीत तर डचवरून करा, इंग्रजीवरून मात्र नको.

तुमच्या विषयात इंग्रजीवरून करण्यातच सगळ्यात मोठा धोका आहे. डचमधलं 'इंडिशे' म्हणजे डच ईस्ट इंडीजचं. जुन्या इंग्रजीत त्यासाठी 'इंडियन' असंही लिहीत. इंग्रजीवरून इंडोनेशियन केलंत तर तिथे 'इंडिया' येईल, म्हणजे आपला भारत, आणि हवं असतं 'हिंदिया'. रमाबाईंचा उल्लेख कार्तिनीच्या पत्रात खरोखर आहे, तिथे ती भारतीय स्त्रीबद्दलच बोलते. बाकी ठिकाणी 'इंडियन' बहुधा तिच्या स्वतःच्या देशाबद्दल असतं. रमाबाई-कार्तिनी तुलनेत हे दोन उलटेपालटे झाले तर प्रकरणच कोसळेल. 'इंडिया' आणि 'इंडियन' आलेल्या प्रत्येक उताऱ्याला वेगळी खूण करून तो डचशी पडताळाच.

जुनापेठकर:
1938ची निवड आहे हे मान्य. पण मग सामान्य वाचकाला ओळखीची वाक्यं कुठे भेटणार?

तळटीप:
शीर्षक आणि गाजलेली वाक्यं अर्मैन पानेची ठेवा, तसं तळटीपेत सांगा. पुराव्यादाखल आलेला उतारा मात्र त्यातून नको.

सह्याद्री_बुक्स:
पण परवानगीचं काय? एवढे उतारे उचलायचे म्हणजे प्रत्येक प्रकाशकाला पत्र टाकावं लागणार. ते टाळायला नवा अनुवादच बरा.

तळटीप:
प्रश्न परवानगीचा नव्हता, पण भीती काढून टाकतो. इंडोनेशियाच्या 2014च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 44 संशोधन आणि शास्त्रीय लेखनासाठीच्या वापराला मोकळीक देतं. स्रोत पूर्ण द्यायचा आणि हक्कदाराच्या रास्त हिताला धक्का लावायचा नाही, एवढी अट आहे. चार-सहा ओळींच्या अवतरणाला ते पुरतं. अख्खं पत्र परिशिष्टात द्यायचं असेल तर मात्र विचारा.

मेरी_वसई:
माझ्याकडे धर्मशास्त्राचा प्रबंध आहे, तोही इंडोनेशियनमध्येच जायचा आहे. त्यात बायबलची वचनं भरपूर. ती पण मुळाशी ताडायची का?

अनुस्वार:
धर्मग्रंथापुरती मी माघार घेतो. तिथे स्वतःचा अनुवाद नकोच. लेंबागा अल्किताब इंडोनेशियाचा 1974चा 'तर्जेमाहान बारू' घ्या. त्याची दुसरी आवृत्ती 2023 मध्ये आली आहे, म्हणून कुठली घेतली ते एकदा लिहा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. प्रबंधात वचनातल्या ग्रीक शब्दाची चर्चा असेल, तर वचन मान्य अनुवादातलं ठेवून चर्चेत शब्दशः अर्थ वेगळा द्या.

जावाकाठ:
बांदुंगहून लिहितो. 1938चं पुस्तक मूळ छपाईतून घेणार असाल तर लिपीलेखनाचा प्रश्न येतो. ते फान ओफाउसेन या जुन्या डच वळणाच्या पद्धतीत आहे. 1947 मध्ये `oe`चं `u` झालं, बाकीची बदली 1972च्या सुधारणेत झाली. इथल्या प्रकाशकांना सहसा आजचं लेखन हवं असतं. लोक सरळ शोधून-बदला करतात आणि क्रम चुकवतात. आधी `dj`चं `j` केलं आणि मग `j`चं `y`, तर `djadi`चं `yadi` होऊन बसतं. क्रम असा ठेवा:

```
tj -> c
nj -> ny
sj -> sy
ch -> kh
oe -> u
dj -> #
j  -> y
#  -> j
```

'सगळे बदला' दाबू नका, एकेक बघत जा. उताऱ्यात डच शब्द असतो, `boek`चं `buk` होतं. प्रकाशकाच्या नावातलं `Djambatan` आणि माणसांची नावं जशीच्या तशी राहिली पाहिजेत. शब्दापुढचा `2` दिसला तर तो आकडा नसून द्विरुक्ती असते, `soerat2` म्हणजे `surat-surat`. आणि लेखन आधुनिक केल्याचं एकदा सांगा.

शर्वरी_ना:
हे फार उपयोगी आहे. अँडरसनचं काय करू? तिथे इंग्रजी हेच मूळ आहे, म्हणजे मजकुराचा घोळ नसावा.

तळटीप:
तिथे घोळ आवृत्त्यांचा. 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' 1983चं, 1991 मध्ये त्यात दोन प्रकरणं वाढली आणि 2006 मध्ये शेवटी आणखी एक. राष्ट्राची ती प्रसिद्ध व्याख्या पहिल्या आवृत्तीत पान 15वर आहे, 1991च्या आवृत्तीत पान 6वर. प्रबंधातला पृष्ठांक कुठल्या आवृत्तीचा ते आधी बघा. इंडोनेशियनमध्ये 1999 साली हे पुस्तक 'इमाजिनेर' म्हणजे काल्पनिक या शब्दाने आलं आणि 2001 मध्ये 'तर्बायांग' म्हणजे मनात कल्पिलेला या शब्दाने. अँडरसनचा सगळा रोख असा की कल्पिलेला समाज म्हणजे खोटा समाज नव्हे. 'इमाजिनेर' वाचून नेमका तोच गैरसमज होतो. म्हणून माझा कौल 2001च्या अनुवादाला.

अनुस्वार:
मी इथेही नव्यानेच करीन. मूळ इंग्रजी समोर असताना दुसऱ्याच्या वाक्यरचनेला का बांधून घ्यायचं? 'तर्बायांग' शब्द घ्या, वाक्य तुमचं असू द्या.

तळटीप:
चालेल, पण मग अवतरणाखाली त्या अनुवादकाचं नाव टाकू नका. छापील वाक्यातला एक शब्द बदलून वर मूळ अनुवादकाचं नाव, हे सर्रास होतं आणि ते गैर आहे. बदल केला तर 'अमुकचा अनुवाद, बदलांसह' असं तिथल्या तिथे लिहा. शब्द पटला नाही पण वाक्य ठेवायचंय, तर चौकोनी कंसात पर्याय द्या. आणि स्वतः केलेल्या उताऱ्याखाली 'अनुवाद माझा' नको. हा प्रबंधच अनुवाद आहे, 'माझा' म्हणजे प्रबंधकर्तीचा असं वाचलं जाईल. 'अनुवाद या पुस्तकाच्या अनुवादिकेचा' असं स्पष्ट हवं.

जुनापेठकर:
आणि रमाबाई?

तळटीप:
'द हाय-कास्ट हिंदू वुमन' 1887 मध्ये त्यांनी इंग्रजीतच लिहिलं, तेव्हा ते इंग्रजीवरून. 'स्त्रीधर्मनीति' आणि 1889चं अमेरिकेचं प्रवासवृत्त मात्र मराठी. प्रबंधात त्यांचे इंग्रजी अनुवाद असले तरी शर्वरीताईंनी थेट मराठीवरून करावं. फक्त प्रबंधकर्तीने इंग्रजी शब्दावर मुद्दा बांधला असेल आणि मराठीत तो शब्द तसा नसेल, तर उतारा परस्पर बदलायचा नाही, तिला कळवायचं. मुद्दा ढासळला तर तो दुरुस्त करायचा अधिकार तिचा.

अनुस्वार:
आणि तिने 'इंग्रजीप्रमाणेच ठेवा' म्हटलं तर?

शर्वरी_ना:
असे दोन उतारे आत्ताच दिसतात. तिला आज लिहिते. तिने नकार दिला तर अनुवादिकेची टीप टाकायची की नाही, यावर तुम्हा दोघांचं मत हवंय.

तळटीप:
टाकायची, मूळ मराठी वाक्य रोमन लिपीत देऊन.

अनुस्वार:
मला नाही पटत. लेखिकेच्या पुस्तकात तिच्याविरुद्ध टीप घालणं हे अनुवादिकेचं काम नाही. फार तर प्रकाशकाच्या संपादकाकडे सोपवा.