टॉवेलचे घोषवाक्य छोटे करताना काय राखावे, काय सोडावे?

कारखानदार, अक्कलकोट रस्ता : आमच्या वेष्टनावर ‘शुद्ध सुती धाग्यांनी विणलेला, पाणी लवकर शोषून घेणारा व धुतल्यावर लवकर वाळणारा टॉवेल’ असे छापलेले असते. आमच्या विक्रेत्यालाही ते पाठ होत नाही. छोटे कसे करावे?

फलक रंगवणारा : रिक्षाच्या पाठीवर तीन शब्दांपलीकडे कोणी वाचत नाही. ‘अस्सल सोलापुरी टॉवेल’ एवढे पुरे आहे.

जाहिरात लेखक : छोटे हवे हे मान्य, पण या तीन शब्दांत टॉवेल काय करतो हेच गळाले आहे, आणि गावातला कोणताही कारखाना तेच छापू शकेल. मूळ वाक्यातला ‘शुद्ध सुती’ हा भाग खाली बारीक अक्षरांत जाऊ द्यावा, कारण तो मालाचा तपशील आहे. पाणी टिपणे आणि वाळणे या दोन क्रिया मात्र राखाव्यात. ‘टिपतो चटकन, वाळतो पटकन’ असे म्हणून पाहिले, तर पहिल्या तुकड्यात आठ मात्रा येतात आणि दुसऱ्यात नऊ, म्हणून जीभ किंचित अडखळते. ‘टिपतो चटकन, सुकतो पटकन’ केले की दोन्हीकडे आठ होतात आणि वाक्य एका दमात सुटते. वर चित्र नसेल तेथे आधी ‘टॉवेल’ लिहावेच लागेल, नाहीतर ते फरशीच्या फडक्यालाही शोभेल.

चटणी विकणारी गृहिणी : मी शेंगाचटणीच्या पाकिटावर ‘चवदार आणि पौष्टिक’ काढून ‘उखळात कुटलेली’ एवढेच ठेवले. आता गिऱ्हाईक तेच शब्द उच्चारून मागते. यमक मुळीच नाही, तरी लक्षात राहते.

निवृत्त प्रक्रिया पर्यवेक्षक : मात्रा जुळल्या, पण माल जुळतो का? नव्या टॉवेलला मऊपणासाठी लावलेल्या द्रव्याचा थर त्याच्या फासांवर, म्हणजे वर आलेल्या धाग्यांच्या वेटोळ्यांवर, बसलेला असतो, त्यामुळे दोन-तीन धुण्यांपर्यंत पाणी टिपले जाण्याऐवजी अंगावरून सरकते. शिवाय फास लांब आणि दाट असले की पाणी जास्त धरले जाते आणि म्हणूनच वाळायला वेळ लागतो. जाड टॉवेलवर ‘सुकतो पटकन’ छापले, तर पहिल्याच आठवड्यात तक्रार येईल. पातळ विणीवर मात्र ते खरे ठरेल.

जाहिरात लेखक : हे मला ठाऊक नव्हते. मग जाड टॉवेलसाठी दुसरा तुकडा सोडून ‘भरपूर पाणी टिपतो’ एवढेच म्हणावे, आणि ‘वापरण्यापूर्वी धुवा’ ही सूचना आत चिठ्ठीवर द्यावी.

कारखानदार, अक्कलकोट रस्ता : आमचा बहुतेक माल पातळ विणीचा असून तो कोकणात जातो, आणि तेथे पावसाळ्यात वाळणे हीच खरी अडचण असते. तरीही ‘सुकतो’ मला खटकते. आमच्या घरी फुले सुकतात, कपडे वाळतात.

फलक रंगवणारा : मग नऊ मात्रा चालवून घ्या, रिक्षावर त्या कोणी मोजणार नाही.

जाहिरात लेखक : मोजणार नाही, पण म्हणताना जाणवेल. दहा दुकानदारांना दोन्ही ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच तोंडून कोणते येते ते पाहा.