मदत हवी आहे: वॉरंटीची प्रोव्हिजन तशीच पडून, दुरुस्तीचा खर्च वेगळाच गेला

चंपाकळी:
नमस्कार मंडळी. साकीनाक्याला आमच्या शेठचा घरघंट्या जोडायचा छोटा कारखाना आहे, प्रायव्हेट लिमिटेड. मी तिथे अकाउंट्स बघते. प्रत्येक घरघंटीला एक वर्षाची वॉरंटी. ३१ मार्च २०२५ ला ऑडिटरांनी पहिल्यांदाच वॉरंटीची प्रोव्हिजन करायला लावली, दीड लाखाची. वॉरंटी खर्च डेबिट, वॉरंटी प्रोव्हिजन क्रेडिट. एंट्री मारली आणि विसरून गेले.

वर्षभर मेकॅनिकची बिलं, बेअरिंग, कपॅसिटर, जाळ्या, जे लागलं ते 'मशीन दुरुस्ती' खात्यात टाकत राहिले. आता मार्च २०२६ बंद करताना बेरीज झाली १,९४,०००. प्रोव्हिजनचं लेजर उघडलं तर दीड लाख जसेच्या तसे! वर शेठ म्हणतात, या वर्षी २,५०० घरघंट्या विकल्या, शंभरातल्या आठ परत येतात, एकीला ९०० रुपये, म्हणजे १,८०,००० ची नवीन प्रोव्हिजन टाक. मग नफ्यातून १,९४,००० पण जाणार आणि १,८०,००० पण? काहीतरी चुकतंय हे कळतंय, कुठे ते कळत नाही. ऑडिटर सोमवारी येणार आहेत.

फडताळ:
ताई, प्रोव्हिजनच्या नादीच लागू नका. इन्कम टॅक्समध्ये अंदाजपंचे रकमा उडवून लावतात. जुनी प्रोव्हिजन उलटवा, झालेला खर्च टाका, विषय संपला.

एक_फुल_दोन_हाफ:
कुठली घरघंटी? आमच्या आईच्या घरघंटीची मोटर अकराव्या महिन्यात गेली, लगेच फोन केला. माणूस आला तेराव्या महिन्यात आणि म्हणतो वॉरंटी संपली. करायचं काय?

खतावणी:
फडताळ, अर्धं बरोबर बोललात. हवेतला आकडा नाकारतात, खरं आहे. पण रोटॉर्क कंट्रोल्सच्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की माल मोठ्या संख्येने विकला जात असेल, त्यातला काही बिघडतोच असा मागचा अनुभव असेल आणि त्यावरून अंदाज नीट बांधता येत असेल, तर वॉरंटीची प्रोव्हिजन खर्च म्हणून मान्य होते. म्हणून तो आठ टक्के कुठून आला याचा कागद जपून ठेवा. आणि टॅक्सचं काहीही होवो, पुस्तकात एएस २९ प्रमाणे ती करावीच लागते.

चंपाकळी, दीड लाख गेल्या वर्षीच्या नफ्यातून एकदा गेलेत. त्याच घरघंट्यांची दुरुस्ती या वर्षी परत खर्चात टाकलीत, चूक तिथे आहे. पण घाईने सगळे १,९४,००० प्रोव्हिजनला लावू नका. जॉबकार्ड घ्या, सीरियल नंबरवरून प्रत्येक मशीन कधी विकली ते बघा. ३१ मार्च २०२५ पर्यंत विकलेल्या एका बाजूला, या वर्षीच्या दुसऱ्या बाजूला. वॉरंटी संपल्यावरही फुकट करून दिलेल्या असतील तर त्या पूर्ण बाहेर. प्रोव्हिजन ज्या कामासाठी केली त्याच कामाला वापरता येते.

(आणि एक_फुल, तक्रार वॉरंटीत नोंदवलीत ना? मग तक्रार क्रमांक आणि तारीख दाखवा. माणूस उशिरा आला ही त्यांची अडचण.)

चंपाकळी:
दोन रात्री जॉबकार्ड घेऊन बसले. निम्म्यांवर सीरियल नंबरवर तेलाचे बोट! जुन्या घरघंट्यांचे १,१२,०००, या वर्षीच्यांचे ५६,००० आणि वॉरंटीबाहेरचे २६,०००. शेवटचे बहुतेक शेठच्या ओळखीपाळखीतले. २६,००० तिथेच ठेवले. बाकी १,६८,००० ची जर्नल मारली: वॉरंटी प्रोव्हिजन डेबिट, मशीन दुरुस्ती क्रेडिट. आता प्रोव्हिजनचं लेजर १८,००० डेबिट दाखवतंय. देणं उलटं कसं झालं? अजून घाबरले.

खतावणी:
घाबरू नका, बरोबर आहे. या वर्षी विकलेल्या घरघंट्यांचा खर्च तुम्ही त्यात टाकलात, पण त्यांची प्रोव्हिजन अजून पडलीच नाही. पुढच्या वर्षी दर महिन्याच्या विक्रीवर नगामागे ७२ रुपये टाकत चला, मग सहसा असं होणार नाही.

आता लेजर बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा: ३१ मार्च २०२६ नंतर किती खर्च यायचा बाकी आहे? शेठचे १,८०,००० हा या वर्षीच्या घरघंट्यांचा पूर्ण वॉरंटीचा आकडा आहे. त्यातले ५६,००० होऊन गेले, उरले १,२४,०००. जुन्यांची वॉरंटी आता सगळी संपली. पण एक_फुलच्या आईसारखी केस तुमच्याकडे आहे का, वॉरंटीत तक्रार आली पण काम झालं नाही?

चंपाकळी:
अय्या, आहेत की. तीन मोटरी रिवाइंडिंगला गेल्यात, साधारण ४,००० चं काम.

खतावणी:
मग ताळेबंदात १,२८,००० दिसायला हवेत. लेजर १८,००० डेबिटला आहे, म्हणजे एंट्री १,४६,००० ची: वॉरंटी खर्च डेबिट, प्रोव्हिजन क्रेडिट. उलट बाजूने तपासून बघा. या वर्षीच्या विक्रीचे १,८०,०००, वजा जुन्या दीड लाखातून १,१२,००० आणि मोटरींचे ४,००० गेल्यावर न लागलेले ३४,०००. तोच आकडा येतो. २६,००० धरून नफ्यातून १,७२,००० जातात. तुमच्या पहिल्या हिशोबाने ३,७४,००० गेले असते.

फडताळ:
ते ३४,००० सोडायचे कशाला? राहू देत अडीअडचणीला.

खतावणी:
नाही राहू देता येत. गरज नसलेली प्रोव्हिजन ताळेबंदाच्या तारखेला उलटवायचीच असते. गल्ल्याखालची पुरचुंडी नाही ती.

दशमान:
मला १,२४,००० जास्त वाटतात. विक्री वर्षभर पसरलेली धरली तर सरासरी अर्धी वॉरंटी संपलीय. अर्ध्यात ५६,००० लागले, तर उरलेल्या अर्ध्यात तेवढेच लागतील.

खतावणी:
बिघाड वर्षभर सारखा येत असता तर मान्य केलं असतं. चंपाकळी, विक्री कधी झाली? आणि जुन्यांच्या १,१२,००० पैकी जून ते सप्टेंबरमध्ये किती लागले?

चंपाकळी:
अर्ध्याहून जास्त विक्री दसरा-दिवाळीला. आणि जून ते सप्टेंबर ७९,०००! खरंच की. पावसात लोक सादळलेला गहू तसाच टाकतात, जाळीला पीठ थापलं जातं, मोटर ओढते आणि तापते. बेअरिंगही तेव्हाच गंजतात.

खतावणी:
म्हणजे दिवाळीच्या घरघंट्यांनी अजून पावसाळाच पाहिला नाही. १,२४,००० ठेवा, आणि ही महिनावार यादी ऑडिटरांच्या हातात द्या.

दशमान:
हे लक्षात नव्हतं आलं, मागे घेतो. पण एक विचारतो. त्या ९०० मध्ये पगारी मेकॅनिक धरलाय का? आमचे ऑडिटर धरू देत नाहीत. म्हणतात, पगार तर एरवीही द्यावाच लागतो.

चंपाकळी:
आमचा एक पगारी आहे, एक बाहेरचा. ९०० मध्ये दोघंही आहेत बहुतेक.

खतावणी:
पार्ट्स आणि बाहेरचा माणूस नक्की. पगारी माणसावर दोन मतं आहेत. तो फक्त वॉरंटीचीच कामं करत असेल तर मी धरतो. मात्र अंदाजात धरलात तर त्याचा पगारही प्रोव्हिजनमधूनच वजा व्हायला हवा. एकीकडे धरून दुसरीकडे सोडलात तर पुढच्या मार्चला परत प्रोव्हिजन उरलेली दिसेल.

चंपाकळी:
बाप रे. पगार तर मी 'पगार' खात्यातच टाकलाय. म्हणजे त्या ३४,००० मध्ये तोही असू शकतो? सोमवारच्या आत परत जॉबकार्ड काढते.

एक_फुल_दोन_हाफ:
तक्रार क्रमांक सापडला, आईने कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. उद्या फोन करतो.