अनुभव धागा: काउंटरवरच्या नव्या मुलांना योग्य केबल द्यायला कसं शिकवता?

धागाकर्ता (मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान)
दिवाळीआधी दोन नवी मुलं काउंटरवर येतायत. त्यांच्यासाठी लिहिलेली चिठ्ठी इथे देतोय. तुमच्याकडे काय चालतं ते भर घाला.

गिऱ्हाईक "टाइप-सी द्या" म्हणालं की लगेच पाकीट काढायचं नाही. आधी तीन गोष्टी विचारायच्या. कशाला लावणार, दुसरं टोक कशात जाणार, आणि नुसतं चार्जिंग की फोटो-फायलीही पाठवायच्या? वस्तू जवळ असेल तर हातात घेऊन भोक बघा. आयफोन 14 पर्यंत लाइटनिंग, 15 पासून टाइप-सी, हे पाठ करा. "आयफोनची केबल" एवढ्यावर माल दिला की संध्याकाळी परत येतो.

लॅपटॉप असेल तर त्याच्या चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा. 20 व्होल्ट, 3.25 अँपिअर असेल तर तो 65 वॅटचा. साधी सी-टू-सी केबल 3 अँपिअरपर्यंतच नेते, म्हणजे 20 व्होल्टवर 60 वॅट. लॅपटॉप चार्ज होईल, पण स्क्रीनवर हळू चार्जिंगची सूचना येऊ शकते आणि गिऱ्हाईक आपल्याला दोष देईल. तिथे 5 अँपिअरची, पाकिटावर 100 किंवा 240 वॅट लिहिलेलीच द्या.

रिपेअरवाला
चिठ्ठीत ट्रिमर, नेकबँड, टॉर्च घाला. सगळ्यात जास्त "केबल खराब आहे" तिथूनच येतं. स्वस्त वस्तूत टाइप-सी भोक असतं, पण त्यामागचे दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात. सी-टू-सी लावली तर चार्जरला समोर कुणी आहे हेच कळत नाही, आणि तो वीज सोडतच नाही. जुन्या चपट्या यूएसबी भोकात मात्र 5 व्होल्ट कायम चालू असतात, म्हणून ए-टू-सी केबलवर तीच वस्तू चार्ज होते. मुलांना सांगा, अशा वस्तूला ए-टू-सीच द्यायची आणि घरी चपट्या भोकाचा चार्जर आहे का ते विचारायचं. नव्या फोनवाल्यांकडे तो नसतोच बऱ्याचदा.

होलसेल
एवढं डोकं कशाला? सगळ्यांना 100 वॅटची द्या. फोन लागेल तेवढंच ओढतो, जळत नाही.

रिपेअरवाला
जळत नाही हे बरोबर. पण 5 अँपिअरच्या केबलमध्ये ओळख सांगणारी चिप असते, आणि काही वस्तूंना तीच नडते. 2019 चा पहिला रास्पबेरी पाय 4 हा छोटा कॉम्प्युटर अशाच केबलवर चालू होत नव्हता, कारण त्यात दोन जागी एकच रेझिस्टर होता. साध्या केबलवर तोच चालायचा. शिवाय वॅट जास्त म्हणजे डेटा जास्त असं नाही. 240 वॅटच्या कितीतरी केबली डेटाला जुन्या यूएसबी 2 च्याच वेगाच्या असतात.

स्मिता_के
मग मी घेतलेल्या 100 वॅटच्या केबलवर टीव्हीला चित्र का येत नाही? फोन टाइप-सीच आहे. सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय लावून बघू का?

धागाकर्ता
ताई, सेट-टॉप बॉक्सचा इथे संबंध नाही. फोनच्या भोकातून चित्र बाहेर येतं का ते फोनचं मॉडेल टाकून कंपनीच्या माहितीत बघा. बऱ्याच मधल्या किमतीच्या फोनमध्ये ती सोयच नसते, मग कुठलीही केबल घ्या, पडदा काळाच. सोय असेल तर पाकिटावर व्हिडिओ किंवा डिस्प्ले लिहिलेली केबल लागते.

गॅझेट_काका
मुलांना एक यूएसबी मीटर द्या. व्होल्ट-अँपिअर समोर दिसलं की वाद मिटतो.

रिपेअरवाला
मिटतो, पण मीटर वाचता आला पाहिजे. बॅटरी 90 टक्के भरलेली असेल तर फोन मुद्दामच कमी ओढतो आणि पोरगं म्हणतं केबल भंगार. दुकानातल्या कमी चार्ज असलेल्या फोनवरच तपासा. त्याआधी भोकात टॉर्च मारा. खिशातला कापूस तळाशी दाबून बसला की पिन पूर्ण आत जात नाही, हलवलं की चार्जिंग तुटतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढायचा, सुई नको.

डेटाची तक्रार असेल तर कॉम्प्युटरला जोडा, पण अँड्रॉइडवर आधी वरची सूचना उघडून फाइल ट्रान्सफर निवडा. नाहीतर चांगली केबलही नुसतीच चार्जिंगची वाटते.

होलसेल
पाकीट फोडलेला माल परत घेता का?

धागाकर्ता
चुकीची केबल आमच्या मुलाने दिली असेल तर घेतो. गिऱ्हाईकाने वस्तूच चुकीची सांगितली तर अजून ठरलेलं नाही. तुम्ही काय करता?