रात्री बाराला आकडा शून्य, आणि आयटी म्हणतं 'सिस्टीम बरोबर आहे'

तिसरीपाळी

आयटीला पाठवलेलं पत्र जसंच्या तसं देतोय.

> सॉफ्टवेअर विभाग यांस,
> प्रेसशॉपमधल्या टीव्हीवर तिसऱ्या पाळीचा (रात्री १० ते सकाळी ६) आकडा रात्री १२ वाजता शून्य होतो. मंगळवारी रात्री १२ पर्यंत १५० टनी प्रेसच्या काउंटरवर ७८० स्ट्रोक होते. सकाळी सहाला टीव्ही २,१४० दाखवत होता. रजिस्टरला एकूण २,९२०. रजिस्टर आणि रिपोर्ट जुळत नाहीत म्हणून माझ्या एका ऑपरेटरला मेमो मिळाला आहे. कृपया दुरुस्ती करावी.
> पाळी पर्यवेक्षक

यावर एका ओळीचं उत्तर आलं: "सिस्टीम रिक्वायरमेंटप्रमाणे चालते आहे." आता बोला.

कोडगा_कोडर

बोलतोच. मी तुमच्या कंपनीत नाही, पण असली पत्रं रोज येतात, म्हणून आज राहवलं नाही.

रिक्वायरमेंटवर सही कोणाची असते? तुमच्याच प्रॉडक्शनच्या साहेबांची. त्यात लिहिलेलं असतं "रोजचं उत्पादन, पाळीनिहाय". रोज म्हणजे तारीख, आणि तारीख बाराला बदलते. हे मी ठरवलेलं नाही. मीटिंगला तुम्हाला बोलावलं तेव्हा "लाइनवर माणूस नाही" म्हणून आला नाहीत, आणि वर्षभराने पत्र लिहिता "कृपया दुरुस्ती करावी". दुरुस्ती नाही हो, हा बदल आहे. त्याला फॉर्म भरावा लागतो, अंदाज द्यावा लागतो, टेस्टिंग करावं लागतं. आमच्याकडे एका सुपरवायझरने "आकडे गायब होतात" एवढंच लिहिलं होतं. दोन रात्री जागलो. शेवटी निघालं काय, तर स्वीपरने झाडू अडकवून सेन्सरची वायर ओढली होती.

आणि गायब वगैरे काही नाही. तुमचे ते ७८० डेटाबेसमध्ये आहेत, मंगळवारच्या तारखेत. महिन्याची बेरीज करून बघा, जुळेल.

टाइमझोनग्रस्त

ही सरळ यूटीसीची केस आहे. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर असणार, म्हणून दिवस चुकीच्या वेळी पलटतो. टाइमझोन आयएसटी करा, पाच मिनिटांचं काम. आमच्या प्रोजेक्टला हेच झालं होतं.

पीएलसीकाका

यूटीसी असतं तर आकडा पहाटे साडेपाचला शून्य झाला असता. हा बरोब्बर बाराला होतोय, म्हणजे सर्व्हरचं घड्याळ आपल्याच वेळेवर आहे. पण शून्य नेमकं किती वाजता होतं हा प्रश्न आधी विचारायचा असतो, तेवढं तुमचं बरोबर.

तिसरीपाळी, दोन गोष्टी सांगा. बाराच्या ठोक्याला मशीनवरचा काउंटर पण शून्य होतो का? आणि रात्री दहाला पाळी सुरू होताना टीव्हीवर शून्य असतं की आधीच काही आकडा असतो?

तिसरीपाळी

मशीनचा काउंटर पुढे चालू राहतो. ७८० नंतर ७८१. तो सकाळी सहाला आम्हीच बटण दाबून शून्य करतो.

दहाचं विचारलंत म्हणून सांगतो, टीव्हीवर तेव्हा आधीच दोन हजारांच्या वर काहीतरी असतं. आम्हाला वाटायचं दुसऱ्या पाळीचा आकडा पुसायचा राहिलाय. पोरं म्हणतात, साहेब, आपण यायच्या आधीच भुतांनी अर्धं काम उरकलंय.

पीएलसीकाका

भुतं नव्हेत, सोमवारी रात्रीची तुमचीच पाळी ती. मशीन आणि सेन्सर ठीक आहेत, गडबड फक्त टीव्हीमागच्या क्वेरीत आहे. ती विचारते, "आजच्या तारखेचे आणि तिसऱ्या पाळीचे सगळे स्ट्रोक दे." आता मंगळवार या तारखेत तिसऱ्या पाळीचे दोन तुकडे येतात. पहाटेचे सहा तास, जे सोमवारी रात्री आलेल्या लोकांचे. आणि रात्री दहा ते बारा, जे मंगळवारी आलेल्यांचे. क्वेरीने दोन वेगळ्या रात्रींची शेपटं एकत्र बांधली.

मंगळवारी रात्री दहाला टीव्हीवर किती होते, आठवतं?

तिसरीपाळी

फोटो आहे. २,३१०.

पीएलसीकाका

मग बघा. सोमवारच्या पाळीचे पहाटेचे २,३१०, त्यात तुमचे ७८०, म्हणजे रिपोर्टात मंगळवारची तिसरी पाळी ३,०९०. तुमचं रजिस्टर म्हणतं २,९२०. फरक १७०. जर बाराशे-पंधराशेचा फरक पडला असता तर कोणीतरी पहिल्याच आठवड्यात ओरडलं असतं. शे-दोनशेचा पडतो, कधी जास्त कधी कमी, म्हणून तो "ऑपरेटर नीट लिहीत नाही" या खात्यात जमा होतो. आणि महिन्याची बेरीज जवळजवळ जुळते, कारण स्ट्रोक हरवत नाहीत, फक्त शेजारच्या रात्रीच्या नावावर पडतात. कोडगा, तुमची बेरीज खरी आहे, पण चूक झाकते ती तीच.

सुट्टीच्या दिवशी मात्र झाकत नाही. तुमची सुट्टी गुरुवारी का?

तिसरीपाळी

गुरुवारीच. आणि आत्ता डोक्यात प्रकाश पडला. गुरुवारी शॉप बंद, तरी रिपोर्टात दर गुरुवारी तिसऱ्या पाळीत दोन-सव्वादोन हजार दिसतात. आणि शुक्रवारी तिसऱ्या पाळीचं टार्गेट ३,०००, गेल्या शुक्रवारी रिपोर्टात ८१०. म्हणजे २७ टक्के! सकाळच्या मीटिंगमध्ये दर शनिवारी मला उभं करतात, "सुट्टीवरून आले की तुमचे लोक झोपतात का?" आठ महिने ऐकतोय मी हे.

भोंगा

एवढं रामायण कशाला? पाळ्याच ४-१२-८ करा. आमच्या साखर कारखान्यात वर्षानुवर्षं तशाच आहेत. चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. कुठलीच पाळी मध्यरात्र ओलांडत नाही, तारखेचा घोळ नाही. भोंगा वाजला की दिवस बदलला. सॉफ्टवेअरला हात लावायची गरजच नाही.

तिसरीपाळी

भोंगा, तुमची कॉलनी कारखान्याच्या गेटला लागून असेल. माझे अर्धे लोक वीस-बावीस किलोमीटरवरून येतात. दुसरी पाळी रात्री बाराला सोडली तर ते घरी जाणार कसे? कंपनीची बस फक्त स्टाफला. दहाला निदान शेअर रिक्षा मिळते. आमच्या शेजारच्या प्लँटने साडेबाराला पाळी सोडायला सुरुवात केली, माझा भाऊ तिथे होता. एकदा हायवेवर कुत्री मागे लागली आणि बाइकवरून पडला, कॉलरबोन मोडलं. टीव्हीवर नीट आकडा यावा म्हणून तीनशे माणसांनी झोपेची वेळ बदलायची?

भोंगा

अहो, सहज सुचवलं. आणि कॉलनी आता राहिली नाही, क्वार्टर्स पाडली. मीही सायकलने जातो, तेही ऊसवाल्या ट्रॅक्टरांच्या मधून, ज्यांना मागे लाइट नसतो.

एचआरवाली

बस स्टाफला असते कारण ऑपरेटर बरेचसे कंत्राटी असतात आणि कंत्राटदाराच्या बिलात वाहतूक नसते. हे एचआरने ठरवलंय असं समजू नका. मी तीन वर्षं फाइल फिरवतेय.

तिसरीपाळी

फाइल फिरते, माणसं चालतात.

एचआरवाली

बरं, टोमणा घेतला. पण मुद्द्याचं सांगते. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये रात्रपाळीचं स्पष्ट लिहिलेलं होतं: पाळी मध्यरात्रीपलीकडे गेली तर बारानंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे. आमचं पंचिंगचं सॉफ्टवेअर म्हणूनच ९:५२ ला आत आणि दुसऱ्या तारखेला ६:१० ला बाहेर ही एकच हजेरी लावतं. म्हणजे एकाच गेटच्या आत हजेरीचा दिवस वेगळा आणि उत्पादनाचा वेगळा. "रोज म्हणजे तारीख" हे कोडगा म्हणतात तितकं सरळ नाही.

कोडगा_कोडर

ठीक आहे बाई, कायदा काढलात तर हरलो. पण हे कलम रिक्वायरमेंटमध्ये कोणी लिहिलं नव्हतं एवढं नोंदवून ठेवा.

बदल एका ओळीचा आहे, लिहून देतो, तुमच्या आयटीला दाखवा. SQL Server धरून चाललोय.

```sql
-- आधी
GROUP BY CAST(read_at AS date), shift_code
-- नंतर
GROUP BY CAST(DATEADD(hour, -6, read_at) AS date), shift_code
```

प्रत्येक वेळेतून सहा तास वजा करून मग तारीख काढायची, `SELECT` मध्ये तारीख असेल तर तिथेही हेच लिहायचं. बुधवारी पहाटे ३ चा स्ट्रोक मंगळवारी रात्री ९ चा समजला जातो, आणि मंगळवारात पडतो. टीव्हीच्या क्वेरीत `GETDATE()` मधूनही तेच सहा तास वजा करायचे, नाहीतर रिपोर्ट सुधारेल आणि टीव्ही तसाच राहील. आता म्हणू नका की आम्ही मदत करत नाही.

पीएलसीकाका

चालेल, पण पाळी सहाला बदलते तोवरच. उद्या वेळ सात केली तर हा सहाचा आकडा कुठे कुठे लिहिलाय ते शोधत बसाल. पाळ्यांच्या वेळा एका टेबलात ठेवा आणि स्ट्रोकची ओळ लिहितानाच तिच्यासोबत उत्पादनाची तारीख साठवा.

दुसरं, `read_at` मध्ये घड्याळ मशीनचं आहे की सर्व्हरचं? आमच्या एका जुन्या प्रेसचं घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं. सहाला चढलेल्या पाळीचे पहिले सत्तर-ऐंशी स्ट्रोक रोज रात्रवाल्यांना मिळायचे. ते कशाला तक्रार करतील?

टाइमझोनग्रस्त

तरीही मी म्हणतो, यूटीसीत साठवून...

पीएलसीकाका

साठवा हो यूटीसीत, कोण नाही म्हणतंय. पहाटे साडेपाचला भेटू.

तिसरीपाळी

आयटीतला मुलगा धागा वाचून खाली आला होता. चांगला आहे बिचारा, रात्रपाळी त्याने कधी बघितलीच नव्हती. बारा वाजता टीव्हीसमोर उभा केला. ३,१६८ वरून शून्य झालं तेव्हा "अरे हो की" म्हणाला. गुरुवारी शॉप बंद असताना बदल टाकतोय.

पण मागचे आठ महिने पुन्हा काढणार नाही म्हणतो. ते रिपोर्ट वरपर्यंत गेलेत आणि त्यावर इन्सेंटिव्ह वाटून झालाय.

एचआरवाली

ते बरोबर आहे. महिना बदलण्याच्या रात्री तर आकडे एका महिन्यातून दुसऱ्यात जातील. वाटलेले पैसे कोणाकडून परत घेणार?

तिसरीपाळी

परत कोण मागतंय? ज्या रात्री कमी दाखवल्या, त्यांचे द्या ना. आणि त्या ऑपरेटरचा मेमो?

कोडगा_कोडर

मेमोचं आम्हाला विचारू नका, त्याला क्वेरी नसते.

एचआरवाली

रजिस्टरची झेरॉक्स आणि गुरुवारच्या सुट्टीचे रिपोर्ट जोडून अर्ज द्यायला सांगा. मेमो मागे घेतात की नाही हे तुमच्या प्लँटहेडवर आहे. आमच्याकडे एकदा घेतला होता, पण फाइलमधून कागद काढला नाही, वर फक्त शेरा मारला.

भोंगा

म्हणून म्हणत होतो, ४-१२-८.