मदत हवी आहे: एकच शेअर, एकच सेटिंग, एका चार्टवर ब्रेकआउट आणि दुसऱ्यावर काहीच नाही

सातपूर_सेकंडशिफ्ट
नमस्कार मंडळी. सातपूर एमआयडीसीत नोकरी, दुपारची पाळी, त्यामुळे सकाळी दोन-अडीच तास बाजार बघायला मिळतो. एक छोटा शेअर आहे, फक्त बीएसईवर, बी ग्रुप. नाव टाकत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल.

मंगळवारी 15 मिनिटांच्या चार्टवर बोलिंजर बँड (20, 2) आवळत आवळत दोरीसारखे झाले होते. पावणेबाराच्या कँडलने वरचा बँड फोडला, बंद 84.90. मी मार्केट ऑर्डरने 300 शेअर घेतले. 84.90 ला 120 च मिळाले, उरलेले 180 थेट 86.20 ला. सरासरी 85.68. एटीआर (14) दाखवत होता 0.56, म्हणून नेहमीप्रमाणे दोन एटीआर खाली, 84.55 ला स्टॉपलॉसचा ट्रिगर लावला आणि लिमिट 82 ठेवली. पाऊण तासाने कुणीतरी 25 शेअर 82.10 ला विकले, माझा स्टॉप उडाला. 140 गेले 82.10 ला, 160 गेले 82 ला. एकूण फटका 1,090 रुपये, ब्रोकरेज वेगळं.

रक्कम मोठी नाही. पण संध्याकाळी दुसऱ्या चार्टिंग साइटवर तोच शेअर, तीच सेटिंग लावून बघितली तर तिथे ब्रेकआउटच नाही! वरचा बँड 86 च्याही वर, आणि 84.90 निवांत आत बसलेला. ब्रोकरच्या ॲपवर मात्र वरचा बँड 83.46. यातला खरा चार्ट कुठला? ॲपचा डेटा चुकीचा आहे का?

गंगापूररोड
ॲपच्या चार्टवर खाली व्हॉल्यूम लावून बघितलात का? बऱ्याच कँडल म्हणजे नुसती आडवी रेघ असेल.

सातपूर_सेकंडशिफ्ट
हो, रेघाच आहेत. ब्रेकआउटच्या आधीच्या 19 कँडलपैकी 16 चा व्हॉल्यूम शून्य. उरलेल्या तिन्हीत सौदे 82.10 लाच झालेत. आणि ती फोडणारी कँडल म्हणजे एकच सौदा, 10 शेअरचा.

गंगापूररोड
मग सोपं आहे. शून्य व्हॉल्यूमच्या कँडल काढून टाकायच्या. दुसरी साइट तेच करते, सौदा नाही तर कँडलच काढत नाही. तिचा चार्ट खरा. प्रश्न मिटला. आणि बँडपेक्षा आरएसआय वापरा, त्यावर रिकाम्या कँडलचा परिणाम होत नाही.

देवळाली_57
माझाही असाच अनुभव. माझ्याकडे एक शेअर आहे, चार दिवस झाले व्हॉल्यूम जवळजवळ शून्य, रोज 5 टक्के खाली. विकायला लावतो, कुणी घेतच नाही. आरएसआय 12 वर आलाय, म्हणजे आता उसळी यायला हवी ना? ॲव्हरेज करू का?

भावकॉपी
देवळालीकाका, तुमचं दुखणं वेगळं आहे. तुमचा शेअर लोअर सर्किटला अडकलाय. तिथे सौदे होत नाहीत कारण विकणाऱ्यांची रांग आहे आणि घेणारा कुणी नाही. सर्किट नसतं तर भाव अजून खाली गेला असता. म्हणजे तो 12 हा आकडासुद्धा सर्किटने अडवून धरलेल्या भावातून आलाय. रांगेत विकायला किती शेअर उभे आहेत ते रोज बघा. ते आटेपर्यंत ॲव्हरेजचं नाव काढू नका.

आता सातपूरकर. तुमच्या शेअरला घेणारेही आहेत आणि विकणारेही, फक्त दोघे एकमेकांपासून लांब उभे आहेत. त्या वेळी मार्केट डेप्थमध्ये काय होतं?

सातपूर_सेकंडशिफ्ट
स्क्रीनशॉट आहे. घेणारा 82.10, विकणारा 84.90.

भावकॉपी
वाटलंच होतं. म्हणजे तुमचा ब्रेकआउट 82.10 वरून 84.90 वर गेला, तोही बरोब्बर या टोकावरून त्या टोकावर. भाव कुठेच गेला नाही. आधीचे तीन सौदे घाईच्या विकणाऱ्यांचे होते, चौथा घाईच्या घेणाऱ्याचा. 83.50 चा मध्य जागचा हलला नाही.

आता ॲपचा बँड. ॲप रिकाम्या जागी मागचा भाव भरतं. लासलगावला लिलाव बंद असलेल्या दिवशी पाटीवर कालचाच भाव लिहून ठेवला आणि आठवडाभराने म्हटलं, 'कांदा काय स्थिर आहे बघा', तर कसं होईल, तसंच हे. तुमच्याकडे 19 कँडल 82.10 ला आणि एक 84.90 ला. सरासरी 82.24, स्टँडर्ड डेव्हिएशन 0.61, म्हणून वरचा बँड 83.46. हिशोब बरोबर आहे, ॲपने बेरीज चुकवलेली नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. 84.90 च्या जागी 82.15 घालून बघा, म्हणजे फक्त पाच पैशांची हालचाल. तरीही तो बार वरचा बँड फोडतोच! 19 सारखे आणि विसावा वेगळा असेल, तर विसावा सरासरीपासून नेहमी 19 च्या वर्गमुळाइतके, म्हणजे 4.36 स्टँडर्ड डेव्हिएशन लांब असतो. मग हालचाल पाच पैशांची असो की पाच रुपयांची. दोनचा बँड तिथे फुटणारच. तुम्हाला सिग्नल भाववाढीने दिला नाही, त्याआधीच्या शांततेने दिला.

सातपूर_सेकंडशिफ्ट
बाप रे. हे कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. पाच पैशांनाही फुटतोय. मग एटीआरचं पण असंच का?

भावकॉपी
एटीआरचं जास्त वाईट, कारण त्यावर तुमचा स्टॉप टांगलेला होता. प्रत्येक रिकाम्या कँडलला ट्रू रेंज शून्य, म्हणून मागच्या एटीआरचा 13/14 भाग उरतो. अशा 19 कँडल गेल्या की मूळ आकड्याचा साधारण चौथा हिस्सा राहतो. सोमवारी दुपारी एकच्या सुमारास एटीआर किती होता बघाल?

सातपूर_सेकंडशिफ्ट
1.60.

भावकॉपी
त्याचे झाले 0.39. मग 2.80 ची उडी आली, तिचा चौदावा भाग मिळून 0.56. तुम्ही स्टॉप 1.13 खाली लावलात, आणि घेणारा त्या क्षणी तुमच्या सरासरीपासून 3.58 खाली उभा होता. म्हणजे बाजार जागचा न हलता पुढचा पहिला विकणारा आला तरी स्टॉप उडणारच होता. तसा तो उडालाही, 25 शेअरने.

गंगापूररोड
म्हणजे मी म्हटलं तेच. रिकाम्या कँडल काढल्या की दोन्ही प्रश्न सुटतात.

भावकॉपी
अर्धं बरोबर. एटीआरची ही घसरण थांबेल, बँडचं खोटं आवळणंही जाईल. पण दुसऱ्या साइटवरचा बँड काय मोजतोय ते बघा. भाव 82.10 आणि 84.90 असे निम्मे-निम्मे वेळा पडले, तर सरासरी 83.50, स्टँडर्ड डेव्हिएशन 1.40, वरचा बँड 86.30. सातपूरकरांना दिसलेला '86 च्या वर' हाच. 1.40 म्हणजे स्प्रेडचा निम्मा. तो चार्ट शेअरची चंचलता दाखवत नाहीये, तो फक्त घेणाऱ्या-विकणाऱ्यातलं अंतर मोजतोय. या वेळी त्याने वाचवलं हा योगायोग. उद्या स्प्रेड सरकला की तोही फुटेल.

आणि 20 कँडल भरायला तिथे किती दिवस लागले?

सातपूर_सेकंडशिफ्ट
चार दिवसांहून थोडं जास्त.

भावकॉपी
घ्या. 15 मिनिटांचा चार्ट म्हणता, पण दोन शेजारच्या कँडलमध्ये कधी 15 मिनिटं, कधी अख्खी रात्र. आरएसआयबद्दलही सांगतो. वाइल्डरच्या पद्धतीत रिकाम्या कँडलला वाढ आणि घट दोन्ही सरासऱ्या 13/14 ने घटतात, गुणोत्तर तेच राहतं, म्हणून आरएसआय गोठतो. तुम्हाला वाटतं परिणाम होत नाही. खरं तर सकाळचा 71 तुम्ही दुपारी ताजा समजून वाचता.

गंगापूररोड
बरं, हे मान्य. पण मग डेली चार्ट लावावा. भावकॉपीच्या फाइलमधला क्लोज तर एक्स्चेंजचा असतो, तो खोटा कसा असेल?

भावकॉपी
खोटा नसतो, पण ऐका. क्लोज हा शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी. त्या अर्ध्या तासात सौदाच झाला नाही तर दिवसाचा शेवटचा सौदा धरतात, मग तो सकाळी अकराचा का असेना. म्हणून नव्या भावकॉपीत `ClsPric` च्या बरोबर `TtlNbOfTxsExctd` हा रकाना बघायची सवय लावा. दिवसात चार सौदे असतील तर त्या क्लोजवर किती वजन टाकायचं ते तुम्हीच ठरवा. मी अशा शेअरला साप्ताहिक कँडलच बघतो. आठवड्याची हालचाल दहा-बारा रुपयांची असेल तर 2.80 चा धक्का त्यात थोडाफार जिरतो.

सातपूर_सेकंडशिफ्ट
स्प्रेड सोडून मध्यबिंदूचाच चार्ट केला तर? 82.10 आणि 84.90 चा मध्य 83.50, त्यावर इंडिकेटर. भाव उड्या मारणार नाही.

भावकॉपी
विचार चांगला आहे, आणि उड्या खरंच जातात. अडचण अशी की मागचा बिड-ऑफरचा डेटा आपल्यासारख्यांना सहज मिळत नाही, स्वतः नोंदवत बसावं लागतं.

द्राक्षबाग
मी नोंदवतोय, दीड महिना. दर पाच मिनिटांनी डेप्थ साठवतो. एक निरीक्षण: अशा शेअरमध्ये वरच्या टोकाला कुणीतरी 1 शेअरची विक्री दीड रुपया खाली लावतो आणि काढून घेतो. मध्यबिंदू पाऊण रुपया हलतो, सौदा मात्र काहीच नाही. त्यामुळे मध्यबिंदू स्वच्छ असतो या म्हणण्यावर माझा भरवसा नाही. कमीत कमी 100-200 शेअर जिथे उभे आहेत तो भाव धरला तर बरं दिसतं, पण ते 'बरं' मी माझ्या डोळ्यांनी ठरवलंय, तपासलेलं नाही.

भावकॉपी
हे मला पटतंय, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. 100 शेअरची ऑर्डरही काढून घेता येतेच की.

सातपूर_सेकंडशिफ्ट
म्हणजे शेवटी मी करू काय? शेअर मला आवडतो, कंपनीचं काम मी जवळून बघितलंय.

भावकॉपी
आवडत असेल तर घ्या, पण 15 मिनिटांच्या बँडवर नको, आणि मार्केट ऑर्डर तर अजिबात नको. 82.15 ला लिमिट लावून ठेवा, घाईचा विकणारा येईल तेव्हा मिळेल. दोन दिवस मिळणार नाही, चालेल. स्टॉपलॉस एटीआरवर लावायचाच असेल तर आधी एटीआर आणि स्प्रेड शेजारी मांडा. तुमचा स्टॉप स्प्रेडच्या आत पडत असेल तर तो लावू नका, त्याऐवजी शेअर कमी घ्या. 300 च्या जागी 80 घेतले असते तर निदान 86.20 ला जावं लागलं नसतं.

गंगापूररोड
आणि सिग्नल बघण्याआधी 20 पैकी किती कँडल भरलेल्या आहेत ते मोजायचं, हे मी माझ्या वहीत लिहिलं. माझा आकडा 16. त्याखाली चार्ट बंद.

भावकॉपी
16 च का?

गंगापूररोड
80 टक्के. कुठेतरी रेघ मारायला हवी ना.

सातपूर_सेकंडशिफ्ट
आज सुट्टी होती, म्हणून मागचे दोन पूर्ण दिवस मोजले. 50 कँडलपैकी 11 मध्ये सौदा. आणि त्या 11 मधले सात सौदे 82.10 च्या पाच पैसे इकडेतिकडे, चार 84.90 च्या आसपास. मधल्या भावाला एकही नाही. 82.15 ची ऑर्डर लावलीय, अजून मिळालेली नाही. द्राक्षबाग, तुमचा डेटा बघायला मिळेल का?

द्राक्षबाग
रविवारी देतो. फवारणी चालू आहे.