मदत हवी आहे: कर्ण्यावरची सूचना लोक अर्धीच ऐकतात, वाक्य कसं फिरवू?

नळवाला: ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याचं काम बघतो. देवळावरच्या कर्ण्यावरून सूचनाही मीच देतो. परवा हे वाचलं:

"जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने गुरुवारी सकाळी सहा ते नऊ या वेळेत वरच्या आळीला नळाला पाणी येणार नाही."

गुरुवारी वरच्या आळीतल्या बायका नळापाशी हंडे लावून बसल्या. म्हणे, "तूच सांगितलंस, सहा ते नऊ पाणी!" मुख्य गोष्ट आधी बोलावी हे पटतं, पण आपलं 'नाही' शेवटीच येतं. ते पुढे कसं आणू?

कानोसा: सोपंय. क्रियापद पुढे घ्या. "येणार नाही पाणी गुरुवारी, वरच्या आळीला."

घागर७: कर्णे समोरासमोर आहेत का? आमच्याकडे आवाज घुमायचा, एक कर्णा फिरवला आणि सुटलो.

नळवाला: कर्णा एकच आहे. आणि "सहा ते नऊ" सगळ्यांना नीट ऐकू गेलं की!

जुना निवेदक: रेडिओवर बरीच वर्षं नैमित्तिक निवेदक होतो. वाक्य संपत आलं की आवाज आपोआप खाली जातो, दमही संपलेला असतो. तुमचं 'नाही' नेमकं तिथे पडलं. कानोसा यांचा रोख बरोबर आहे, पण "येणार नाही पाणी" हे कीर्तनात शोभेल. 'नाही' हलवू नका, ते टाळा. 'बंद' म्हणा आणि एका वाक्याची पाच करा:

"वरची आळी, वरची आळी! पाणी बंद, गुरुवारी. सकाळी सहा ते नऊ. बुधवारी रात्रीच भरून ठेवा. पाइप दुरुस्त करायचा आहे."

आळीचं नाव दोनदा का, तर पहिल्या एकदोन शब्दांत माणूस नुसता कान टवकारतो, ते शब्द वाया जातात. 'बंद' अगदी पहिला टाकलात तर तोही जाईल.

दिवाबत्ती: सगळीकडे हे चालत नाही हं. मी शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. एकदा म्हणाले, "दिवे पेटवा, पण आधी स्पिरिटची बाटली लांब ठेवा." पहिल्या दोन शब्दांवरच काड्या ओढल्या पोरांनी!

जुना निवेदक: अगदी. करायला सांगताना जे आधी करायचं तेच आधी बोलायचं. तिथे मुख्य गोष्ट बाटली होती, दिवा नव्हे.

नळवाला: आज सरपंचांना वाचून दाखवलं. म्हणाले, ही काय दमदाटी? "सर्व ग्रामस्थांना नम्रपणे कळविण्यात येते की" हवंच.

जुना निवेदक: राहू द्या, तेवढ्यात लोकांचे कान जागे होतील. फक्त 'की' काढून "नम्र सूचना" म्हणा आणि तिथेच थांबा. 'की' आला की पुन्हा लांबलचक वाक्य ओढत आणाल.

कानोसा: पण खालच्या आळीतल्या कुणी फक्त "पाणी बंद" ऐकलं तर?

नळवाला: हो, ती भीती आहेच. शनिवारी खालच्या आळीचं पाणी बंद आहे, तेव्हा दोन्हीकडे हंडे मोजतो.